मूळव्याधीचं चमचाभर रक्त आणि घसरलेलं हिमोग्लोबिन

दोन वर्षांपासून परसाकडे गेलं की रक्त जातं, पण चमचाभरच. दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नाही. आता विहिरीवरून मोटर चालू करून येईपर्यंत दम लागतो. हिमोग्लोबिन ७.२ निघालं. एवढ्याशा रक्तानं असं होतं का? (वय ४६, सेलू तालुका)

होतं. साधा हिशोब मांडू. निरोगी माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, म्हणजे रोज अडीच मिलिग्रॅम लोह बाहेर गेलं. भाकरी, वरण, भाजी खाऊन आतडं दिवसाकाठी एक ते दोन मिलिग्रॅमच शोषतं आणि तेवढं तर शरीराच्या रोजच्या झिजेलाच लागतं. कमतरता वाढली की आतडं थोडं जास्त शोषू लागतं, पण त्यालाही मर्यादा आहे. उरलेली तूट शरीर साठ्यातून भरतं. पुरुषाचा साठा साधारण १००० मिलिग्रॅमपर्यंत असतो. रोज दोन मिलिग्रॅम उचलले तर तो दीड वर्षात रिकामा होतो.

साठा संपेपर्यंत हिमोग्लोबिन फारसं हलत नाही, त्यामुळे पहिलं वर्ष तुम्हाला काहीच जाणवलं नसणार. नंतरही घसरण इतकी सावकाश होते की माणूस तिच्याशी जुळवून घेतो, आणि ‘वय झालं’, ‘ऊन लागलं’ म्हणतो. माझ्याकडे सहावर आलेले लोकही स्वतःच्या पायानं चालत येतात.

पुसताना कागदाला दोन-चार थेंब लागत असतील, तर त्यानं ७.२ होत नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. भांड्यात धार किंवा सडा पडत असेल तरच हिशोब जुळतो. जुळत नसेल तर रक्त दुसरीकडून जातंय, असं समजा.

मूळव्याध आहे हे माहीतच आहे. तरी डॉक्टरांनी फेरिटिन आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. हा खर्च कशाला? (वय ५२, अंबाजोगाई)

फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज. ते ३० च्या खाली असलं, तर अशक्तपणा लोहाच्या कमतरतेनंच आहे असं बहुधा म्हणता येतं. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही ८० च्या खाली असतं, म्हणजे रक्तपेशी लहान झालेल्या असतात. पण पेशी थॅलेसेमियाच्या सौम्य प्रकारातही लहान असतात आणि तिथे लोहाच्या गोळ्यांनी काही साधत नाही. एक अडचण मात्र आहे: अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं चढतं.

दुर्बीण टाळू नका. मूळव्याध आणि आतड्याची गाठ एकाच माणसाला असू शकते, आणि तुमच्या वयात लोह कमी झालेलं दिसलं की गाठ नाही ना, हे बघावंच लागतं. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचाला वरून लागतं किंवा शेवटी ठिबकतं. रक्त शौचात मिसळलेलं, काळपट, शौचाच्या सवयी बदललेल्या, वजन उतरलेलं असेल तर लगेच जा. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांचं रक्त पोटातूनही जातं. तेव्हा या गोळ्या साध्या समजू नका.

लोहाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, तरी हिमोग्लोबिन ९ वरच. पोटही बिघडतं. (वय ३८, कळमनुरी)

ताई, गोळी बहुधा जेवणानंतर चहाबरोबर जात असणार. चहा लोह अडवतो, दूध आणि कॅल्शियमची गोळीही अडवते. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा दोन तासांनी. मळमळ होत असेल तर दिवसाआड एकच गोळी चालते का, ते डॉक्टरांना विचारा. रोज दोनदा घेतल्यानं दुप्पट शोषण होत नाही, त्रास मात्र वाढतो. शौच काळी होणं गोळीचंच लक्षण आहे. कोठा जड झाला तर कुंथावं लागतं आणि मूळव्याध पुन्हा बळावते, म्हणून इसबगोल सुरू ठेवा.

गोळी पोहोचत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोननं चढतं. चढत नसेल तर पाळी जास्त जाते का आणि मूळव्याधीचं रक्त थांबलंय का, ते बघायला हवं. नळ उघडा ठेवून हौद भरत नाही. आतल्या मोडाला रबर बँड लावतात. भूल लागत नाही, मोड आठ-दहा दिवसांत गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त जाऊ शकतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा. गावोगावी इंजेक्शन देऊन मूळव्याध ‘मुळासकट’ काढणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका.

हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून गोळ्या थांबवू नका. साठा भरायला आणखी तीन महिने लागतात. गोळी अजिबात सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, तेही दवाखान्यात, देखरेखीखाली.

सरळ रक्ताची बाटली लावली तर? (जालना)

एका बाटलीनं साधारण एक ग्रॅम चढतं. ७ च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर लावावीच लागते. ९ असताना फिरणाऱ्या माणसाला लावू नये.