केस-कंट्रोलमधला इंटरसेप्ट

प्रिय,

तुझ्या केस-कंट्रोल अभ्यासाचा तक्ता पाहिला. लॉजिस्टिक मॉडेल नीट बसलं आहे, पण शेवटच्या रकान्यात तू प्रत्येक माणसाच्या आजाराची संभाव्यता काढली आहेस, तेवढा रकाना काढून टाक. का, ते डॉल आणि हिल यांच्या 1950 मधल्या लंडनच्या आकड्यांवर दाखवतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे 649 पुरुष रुग्ण, त्यांत धूम्रपान न करणारे फक्त 2. दुसरे आजार असलेले 649 पुरुष कंट्रोल म्हणून घेतले, त्यांत न करणारे 27. हे चालवून बघ:

```r
d <- data.frame(smoker = c(1, 0),
                case = c(647, 2), control = c(622, 27))
glm(cbind(case, control) ~ smoker, binomial, d)
```

इंटरसेप्ट येतो −2.60, म्हणजे 2/27 चा लॉग. त्यावरून संभाव्यता काढलीस तर धूम्रपान न करणाऱ्या शंभरांतल्या सातांना कर्करोग आणि करणाऱ्यांतल्या निम्म्यांना! असं जगात कुठेच नाही. रुग्ण आणि कंट्रोल सारखेच घ्यायचे हे संशोधकांनी ठरवलं, म्हणून हे आकडे आले.

आता कंट्रोल दुप्पट कर: 1244 आणि 54. इंटरसेप्ट −3.30 होतो, बरोबर 2 च्या लॉगइतका खाली. smoker चा सहगुणक मात्र 2.64 वरून हलत नाही. ऑड्स रेशो 14 चा 14 च राहतो.

कारण साधं आहे. समज, समाजातले सगळे रुग्ण घेतले आणि निरोगी लोकांतला हजारात एक. मग नमुन्यातले ऑड्स खऱ्याच्या हजारपट होतात, धूम्रपान करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांतही. एकाला दुसऱ्याने भागलं की हजार उडून जातात. लॉगमध्ये हीच हजारपट म्हणजे 6.91 ची बेरीज, आणि ती सगळी इंटरसेप्टमध्ये जाते. निवडीचं हे प्रमाण बाहेरून कळलं, तर इंटरसेप्ट दुरुस्तही करता येतो: −2.60 मधून 6.91 वजा केले की −9.51, म्हणजे लाखात सातेक. प्रमाण माहीत नसेल, तर नमुन्यातून ते काढायचा मार्ग नाही. सहगुणकांची प्रमाणत्रुटीही नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून बरोबर मिळते. प्रेंटिस आणि पाइक यांनी 1979 मध्ये ते सिद्ध केलं. प्रोबिट मॉडेलला ही सवलत नाही.

मात्र हे सगळं एका अटीवर उभं आहे: माणूस नमुन्यात येणं हे तो धूम्रपान करतो की नाही यावर अवलंबून नसावं. कंट्रोल हृदयरोगाच्या वॉर्डातले असतील, तर त्यांत धूम्रपान करणारे आधीच जास्त सापडतील. तिथे करणाऱ्यांची पट वेगळी, न करणाऱ्यांची वेगळी, आणि भागाकारात ती उडत नाही. ऑड्स रेशो खोटाच कमी दिसेल, आणि आउटपुटमध्ये त्याची कुठेही खूण नसेल.

म्हणून पुढचा मसुदा पाठवताना तुझे कंट्रोल कोणकोणत्या वॉर्डांतून आले, त्याची यादी सोबत जोड.

तुझा,
सर