लोकसभेने पास केलेलं विधेयक राज्यसभेने बदललं तर पुढे काय होतं?

प्रश्न: "मी नाशिकरोडला अकरावीत आहे. पुस्तकात पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही असं दिलंय. पण दुसऱ्या सभागृहाने विधेयकात बदल केला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं का? की लगेच संयुक्त बैठक? एखाद्या खऱ्या विधेयकावरून कुणी समजावेल का?"

उत्तर:

पहिल्यापासून काहीच करायचं नाही, आणि संयुक्त बैठक तर फार दूरची गोष्ट आहे. मी नाशिकमध्येच अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते आणि या प्रश्नासाठी नेहमी लोकपाल विधेयक घेते. ते दोन्ही सभागृहांतून जाताना मध्ये अडकलं, बदललं, परत आलं आणि मग कायदा झालं, त्यामुळे तुला हवे ते सगळे टप्पे त्यात सापडतात.

लोकपाल व लोकायुक्त विधेयक २२ डिसेंबर २०११ रोजी लोकसभेत मांडलं गेलं. विधेयक मांडणं हेच पहिलं वाचन. तिथे सहसा चर्चा होत नाही. खरं काम दुसऱ्या वाचनात असतं. आधी विधेयकाच्या तत्त्वावर सर्वसाधारण चर्चा होते, मग एकेक खंड मताला टाकला जातो. त्या त्या खंडावर कुणी दुरुस्ती सुचवली असेल तर आधी दुरुस्तीवर मत, मग खंडावर मत. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक संमत करावं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. २७ डिसेंबरला लोकसभेने हे विधेयक संमत केलं.

त्याच रात्री लोकसभेत आणखी एक गोष्ट घडली. लोकपालाला घटनात्मक दर्जा देणारं वेगळं घटनादुरुस्ती विधेयकही मताला आलं आणि ते पडलं. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत पुरत नाही, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचंही बहुमत लागतं. तेवढी मतं सरकारकडे नव्हती. एकाच सभागृहात, एकाच दिवशी साधं विधेयक तरलं आणि घटनादुरुस्ती बुडाली. दोन प्रकारच्या बहुमतांतला फरक विचारला तर हेच उदाहरण लिही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. २९ डिसेंबरला विधेयक राज्यसभेत आलं. तिथे सरकारचं बहुमत नव्हतं आणि सदस्यांनी तब्बल १८७ दुरुस्त्या दिल्या होत्या. चर्चा मध्यरात्रीपर्यंत चालली, गोंधळात एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली आणि मतदान न होताच सभापतींनी सभागृह बेमुदत तहकूब केलं. इथे मुलं हमखास लिहितात, "राज्यसभेने विधेयक फेटाळलं." ते चूक आहे. मतदानच झालं नाही, त्यामुळे विधेयक ना संमत ना नामंजूर. ते राज्यसभेत प्रलंबित राहिलं.

मे २०१२ मध्ये राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. प्रवर समिती म्हणजे त्या एका विधेयकापुरती, वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य घेऊन नेमलेली समिती. तिने नोव्हेंबर २०१२ मध्ये अहवाल दिला. वादाचा एक मोठा मुद्दा राज्यांचा होता. लोकसभेच्या मसुद्यात केंद्राच्याच कायद्याने राज्यांतले लोकायुक्त नेमण्याची सविस्तर तरतूद होती. राज्यसभा राज्यांचं प्रतिनिधित्व करते, त्यामुळे तिथे त्याला जोरदार विरोध झाला. शेवटी त्या लांबलचक भागाऐवजी एकच कलम आलं: प्रत्येक राज्याने, लोकायुक्त नसेल तर, एका वर्षाच्या आत आपल्या विधिमंडळाच्या कायद्याने तो स्थापन करावा. दुसरं सभागृह काय करतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. विधेयकाचा हेतू तोच राहिला, पण केंद्र आणि राज्य यांच्यातली रेघ दुसऱ्या सभागृहाने नव्याने आखली.

१७ डिसेंबर २०१३ रोजी राज्यसभेने दुरुस्त्यांसह विधेयक संमत केलं. तेव्हा अण्णा हजारे याच विधेयकासाठी शेजारच्या नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धीला उपोषणाला बसले होते, तुझ्या घरच्यांना आठवत असेल. दुसऱ्याच दिवशी लोकसभेत फक्त राज्यसभेच्या दुरुस्त्या विचारात घेतल्या गेल्या. हा तुझ्या प्रश्नाचा गाभा आहे: पहिलं सभागृह पुन्हा तीन वाचनं करत नाही. ज्या खंडांवर दोन्ही सभागृहांचं एकमत आहे ते पुन्हा उघडले जात नाहीत. लोकसभेने दुरुस्त्या मान्य केल्या आणि त्याच क्षणी विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केलेलं ठरलं. १ जानेवारी २०१४ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. विधेयक २०११ चं असूनही कायद्याच्या नावात २०१३ आहे, कारण दुरुस्त्यांमध्ये नावातलं सालही बदललं गेलं.

शेवटी एवढी घाई का झाली, तेही पाहा. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपत होती. लोकसभेने संमत केलेलं पण राज्यसभेत प्रलंबित असलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं, म्हणजे रद्दबातल ठरतं. राज्यसभा विसर्जित होत नाही, त्यामुळे तिथे मांडलेलं आणि लोकसभेकडे अजून न गेलेलं विधेयक मात्र टिकतं.

लोकसभेने दुरुस्त्या नाकारल्या असत्या तर? तर विधेयक पुन्हा राज्यसभेकडे गेलं असतं, आणि ती अडून बसली असती तर कलम १०८ खाली राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकले असते. त्याला तीन कारणं चालतात: दुसऱ्या सभागृहाने विधेयक फेटाळणं, दुरुस्त्यांवर दोघांचा अंतिम मतभेद होणं, किंवा दुसऱ्या सभागृहाने सहा महिन्यांहून जास्त काळ ते संमत न करणं. हे सहा महिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे नव्हेत. अधिवेशन संस्थगित असतानाचा किंवा सभागृह सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असतानाचा काळ त्यात धरत नाहीत.

आजवर संयुक्त बैठकीत विधेयकं गेली ती तीनच: १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करणारं आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी पोटा. पोटा राज्यसभेने फेटाळलं होतं, संयुक्त बैठकीत ते ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झालं. लोकसभेचे सदस्य दुपटीहून जास्त असल्याने तिथे सहसा लोकसभेचंच पारडं जड राहतं. पण घटनादुरुस्तीसाठी संयुक्त बैठक घेता येत नाही. अर्थविधेयकाला तिची गरजच नसते, कारण राज्यसभा ते १४ दिवसांत फक्त शिफारशींसह परत पाठवू शकते आणि त्या शिफारशी मानणं लोकसभेवर बंधनकारक नाही.

आणि आपल्या विधिमंडळाशी गल्लत करू नकोस. पेपरात हे दोन्ही एकत्र करून विचारतात. आपल्याकडे विधान परिषद आहे, नाशिक विभागातून शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे आमदार तिथे जातात. पण राज्यात संयुक्त बैठकीची सोयच नाही. विधानसभेने पाठवलेलं साधं विधेयक परिषदेने फेटाळलं, न पटणाऱ्या दुरुस्त्यांसह परत केलं किंवा तीन महिने तसंच ठेवलं, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. दुसऱ्या खेपेला परिषदेकडे एकच महिना असतो, त्यानंतर विधेयक संमत झालं असं मानलं जातं. उलट परिषदेत सुरू झालेलं विधेयक विधानसभेने फेटाळलं, तर ते तिथेच संपतं.