आईचा पीएफ: नंबर ठेकेदाराचा, नाव माहेरचे, पोर्टल उघडत नाही

प्रश्न: "आई पुण्यात एका कारखान्यात ठेकेदारामार्फत 2011 ते 2019 कामाला होती. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आहे, पण त्याला मोबाईल नंबर ठेकेदाराच्या सुपरवायझरचा लावलाय. पासवर्ड रिसेट करायला गेलं की नाव-जन्मतारीख जुळत नाही म्हणतो. पीएफमध्ये माहेरचं नाव आणि 1 जून तारीख आहे, आधारवर सासरचं नाव आणि खरी तारीख. आधारचा मोबाईलही जुना, तो बंद झालाय. सायबर कॅफेवाला म्हणतो आधी पीएफचा नंबर बदलून देतो. करू का?"

उत्तर:

नका करू. पीएफचा नंबर बदलणे ही या कामाची शेवटची पायरी आहे. तो माणूस ती सगळ्यात आधी करू पाहतोय.

मी एका कारखान्यात पगारपत्रक आणि पीएफचे काम पाहते. अशी प्रकरणे आमच्याकडे सारखी येतात, त्यामुळे क्रम सांगू शकते. आईंच्या बाबतीत दोन अडथळे एकमेकांत अडकलेत. पहिला अडथळा ओटीपीचा, म्हणजे तो येतच नाही किंवा दुसऱ्याच्या फोनवर जातो. दुसरा नोंदीचा: पीएफ ऑफिसकडे असलेले नाव आणि तारीख एक, आधारकडे असलेली दुसरी. नंबर बदलल्याने नोंद जुळत नाही. शिवाय पैसे काढण्याचा ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. म्हणजे पीएफला तुमचा नंबर लागला तरी पैशांच्या वेळी गाडी तिथेच अडणार. वर तो कॅफेवाला त्या वेळी स्वतःचा नंबर टाकून बसला, तर सुपरवायझरच्या हातातून सुटून त्याच्या हातात पडाल.

म्हणून सुरुवात आधारपासून. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर "Check Aadhaar Validity" नावाची सोय आहे, तिला लॉगिन लागत नाही. आईंचा आधार क्रमांक टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते आकडे पाहून कोणता नंबर जोडलेला आहे याची खात्री करा. कधीकधी घरातल्याच कोणाचा तरी चालू नंबर निघतो आणि निम्मे काम तिथेच वाचते. बंद पडलेलाच नंबर असेल, तर आईंना घेऊन आधार केंद्रावर जा. मोबाईल बदलायला वेगळा कागद लागत नाही, बोटांचे ठसे घेतात आणि ठरलेले शुल्क भरावे लागते. नंबर आईंच्या स्वतःच्या हातात राहणाऱ्या सिमचा द्या. पावती जपून ठेवा. काही दिवसांनी त्याच पानावर नवे शेवटचे तीन आकडे दिसले, की आधारचा भाग झाला.

केंद्रावर असतानाच आधारवरची जन्मतारीख खरोखर बरोबर आहे ना, हे शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून पाहा. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे आईंच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर 1 जून आहे. गुरुजींनी नाव घालताना तारीख माहीत नसली की 1 जून लिहून टाकायची पद्धत होती. मग पीएफमध्ये दाखल्यावरची तारीख आणि आधारमध्ये घरच्यांनी सांगितलेली तारीख, अशी जोडी तयार होते. तुम्ही जिला खरी तारीख म्हणता तिचा कागद हातात आहे का, हे आधी ठरवा. जानेवारी 2024 पासून पीएफ कार्यालय जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरत नाही. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला किंवा गुणपत्रिका असे काही लागते. दाखल्यावरच 1 जून असेल आणि दुसरा कागद नसेल, तर पीएफची तारीख बदलायच्या मागे लागण्यापेक्षा आधारची तारीख दाखल्याप्रमाणे करून घेणे सोपे पडते. आधारमध्ये जन्मतारीख सहसा एकदाच बदलू देतात, तेव्हा हा निर्णय घाईत घेऊ नका.

आता पीएफची नोंद. रिसेट करताना तुम्ही नाव कोणते टाकलेत? बहुतेक जण आधारवरचे टाकतात आणि तिथेच फसतात. "Forgot Password" मध्ये यूएएन टाकल्यावर जुना नंबर अर्धवट झाकून दाखवतात. त्यावर ओटीपी नको म्हटले की नाव, जन्मतारीख आणि लिंग विचारतात. ही माहिती पीएफच्या नोंदीत जशी आहे तशीच द्यावी लागते, अगदी स्पेलिंग आणि मधल्या जागेसकट. समजा पगाराच्या जुन्या स्लिपवर "SUNITA R" एवढेच असेल, तर तेवढेच. आडनाव जोडले की जुळत नाही. आईंच्या जुन्या स्लिपा, पीएफची वार्षिक चिठ्ठी असे काही घरात असेल तर शोधा. पण यातून फार आशा धरू नका. ही पायरी पार झाली, तरी पुढे आधार किंवा पॅनची पडताळणी होते आणि तिथे माहेरचे नाव सासरच्या नावापुढे अडते. आधार यूएएनला जोडलेलेच नसेल, तर हा रस्ता आईंसाठी बंदच आहे.

मग उरतो संयुक्त घोषणापत्राचा, म्हणजे जॉइंट डिक्लरेशनचा मार्ग. जानेवारी 2025 पासून नियम बराच सैल झालाय. ज्यांचा यूएएन 1 ऑक्टोबर 2017 रोजी किंवा त्यानंतर मिळाला आणि आधारने पडताळलेला आहे, ते नाव-तारीख स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करू शकतात, मालकाची मंजुरी लागत नाही. यूट्यूबवर जे "पाच मिनिटांत दुरुस्ती" दाखवतात ते हेच. आईंचा यूएएन त्याआधीचा असणार, कारण यूएएन 2014 मध्ये आले आणि त्या तेव्हा कामावर होत्या. त्यामुळे त्यांना मालकाचा दुजोरा लागेल, आणि आधार जोडलेले नसेल तर तो अर्ज कागदावरच करावा लागेल.

इथे खरा प्रश्न येतो: मालक कोण? कारखाना की ठेकेदार? हे आईंच्या पीएफ खाते क्रमांकात, म्हणजे मेंबर आयडीत लिहिलेले असते. तो 22 अक्षर-आकड्यांचा असतो. पुण्याचा असेल तर सुरुवात PUPUN. त्यानंतरचे सात आकडे म्हणजे आस्थापनेचा कोड, मग तीन आकडे त्याच कोडची पोटशाखा, आणि शेवटचे सात आकडे आईंचे. ते मधले सात आकडे पीएफ संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या, "Establishment Search" पानावर टाका. आस्थापनेचे नाव, पत्ता, कोणते पीएफ कार्यालय, सगळे दिसते. ठेकेदारांचा स्वतःचा कोड असतो. काही वेळा मात्र कारखान्याच्याच कोडवर ठेकेदाराची माणसे दाखवलेली असतात, आणि मग सही कारखान्याच्या एचआरची चालते.

आमच्या इथल्या एका बाईंचे असेच झाले. "ठेकेदार पळून गेला, कंपनी बंद" असे त्यांना सगळ्यांनी सांगितले होते. कोड टाकून पाहिला तर ठेकेदार दुसऱ्या एमआयडीसीत काम करत होता आणि त्याच कोडवर दर महिन्याला पीएफ भरत होता. म्हणजे आस्थापना चालू, आणि सही देणे त्याचेच काम. त्याच्या नावाने लेखी अर्ज दिला, त्याची प्रत पीएफ ऑफिसात जोडली, मग सही झाली. नाव लग्नामुळे बदललेले असल्याने त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि पॅन लावले होते. तारखेसाठी शाळेचा दाखला. फॉर्ममध्ये दोन रकाने असतात: नोंदीत काय आहे आणि काय हवे. त्यांनी पहिल्या रकान्यात आपल्या आठवणीतले नाव लिहिले होते. ते स्लिपवरून, मधल्या इनिशियलसकट, पुन्हा लिहून घेतले. पहिल्या रकान्यात एक अक्षर जरी चुकले, तरी फॉर्म परत येतो. नाव मुळापासून वेगळे असेल तर कागद जास्त मागतात, म्हणून दोनऐवजी तीन पुरावे सुरुवातीलाच लावा.

आस्थापना खरोखरच बंद असेल, तर अर्ज थेट पीएफ कार्यालयाच्या पीआरओ काउंटरवर द्यायचा. त्यावर मालकाऐवजी अधिकृत व्यक्तीचा साक्षांकनाचा सही-शिक्का लागतो. राजपत्रित अधिकारी सापडला तर बरे. आणखी कोणाची सही चालेल हे काउंटरवर विचारून मगच शिक्का घ्या, नाहीतर फेरी वाया जाते. प्रत्येक जिल्ह्यात दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफ कार्यालयाचे "निधी आपके निकट" हे शिबिर भरते, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. त्या दिवशी अधिकारी समोर असतात, कागद तपासून काय कमी आहे ते तिथेच सांगतात. पोचपावती घ्या. बराच काळ हालचाल दिसली नाही, तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा आणि पोचपावतीचा क्रमांक त्यात लिहा. त्यामुळे तक्रार नेमक्या टेबलापर्यंत पोचते.

या काळात एक गोष्ट टाळा. आई पुन्हा कुठे कामाला लागल्या आणि तिथल्या माणसाने "जुने सोडा, नवा यूएएन काढू" म्हटले, तर नाही म्हणा. दोन यूएएन झाले की नोंद जुळवण्याचे काम दुप्पट होते आणि जुन्या खात्यातले पैसे नव्यात वळवण्याचा वेगळा अर्ज उरतो.

नोंद दुरुस्त झाली आणि आधारचा मोबाईल चालू असला, की पुन्हा "Forgot Password" करा. या वेळी नवे नाव आणि नवी तारीख टाका. ओटीपी आईंच्या फोनवर येईल. आत गेल्यावर "Manage" मध्ये "Contact Details" आहे, तिथे सुपरवायझरचा नंबर काढून आईंचा घाला, आणि लगेच "KYC" मध्ये बँक खाते व पॅन बघा. बँक खात्यावरही माहेरचे नाव असेल तर ते बँकेत बदलूनच पैसे काढण्याचा अर्ज करा. बँकेतल्या नावामुळे अर्ज परत आला, की सगळे पुन्हा थांबते.