न मिळालेल्या उत्तरावर उपदेश करताना

वर्षानुवर्षे मुलासाठी किंवा आजारातून बरे होण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांपुढे पहिल्यांदा उपदेश करणार असाल, तर हन्नेची गोष्ट मुख्य वचन म्हणून घेऊ नका. तिला शमुवेल मिळतो, आणि वीस वर्षे वाट पाहणारी बाई त्यातून एवढेच ऐकते की आपली प्रार्थना कुठेतरी कमी पडली.

त्याऐवजी स्तोत्र ८८ घ्या. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात. स्तोत्र १३ चार वेळा ‘कोठवर’ विचारूनही गातच संपते. ८८ मात्र अंधारातच थांबते. तरीही स्तोत्रकर्ता पहिल्या, नवव्या आणि तेराव्या वचनात पुन्हा पुन्हा परमेश्वरालाच हाक मारतो, आणि माझ्या मते उपदेशाचा कणा हाच आहे: तक्रार देवाविषयी नाही, देवापाशी आहे. अठराही वचने सावकाश वाचा, मग थोडा वेळ गप्प राहा आणि ती शांतता घाईने मोडू नका.

हन्नेचा उल्लेख करायचाच असेल, तर १ शमुवेल १:८ पाशी थांबा. ‘मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय?’ हे एलकानाचे बोलणे प्रेमाचे असूनही तिचे रडणे थांबवत नाही, आणि पुढे एली तर तिला दारू प्यायलेली समजतो. (सांत्वन करणाऱ्यांनी, म्हणजे आपणही, हा भाग जरूर वाचावा.)

त्या दिवशी बरे झालेल्या कोणाची साक्ष ठेवू नका, आणि निपुत्रिक जोडप्यांना प्रार्थनेसाठी पुढे बोलावू नका. ज्यांना यायचे असेल ते उपासनेनंतर स्वतःहून भेटतील.