सामाईक गॅलरीत मशीनचं पाणी: वरच्या शेजाऱ्यांना पत्र

प्रश्न : वरचे शेजारी वॉशिंग मशीन लावतात तेव्हा आमच्या आणि बाजूच्यांच्या सामाईक गॅलरीत फेसाळ पाणी साचतं. दोनदा तोंडी सांगून झालं. संबंध न बिघडवता, पण पुढे उपयोगी पडेल असं पत्र कसं लिहू?

उत्तर : आधी पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी पाहा, कारण पत्र कोणाला जायचं ते त्यावर ठरतं. मशीन काही मिनिटांत बरंच पाणी एकदम सोडतं. वरच्या कठड्यावरून ओघळत असेल, तर त्यांची नळी निसटलेली असते किंवा त्यांची जाळी कपड्यांच्या लवेनं तुंबलेली असते. ते काम त्यांचं. पण पाणी तुमच्याच गॅलरीच्या जाळीतून वर उसळत असेल, तर उभा पाइप खाली कुठेतरी तुंबलाय. तो सहसा सगळ्यांचा असतो, म्हणून तक्रार इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांकडे करायची. शंका असेल तर मशीन बंद असताना तुमच्या जाळीत बादलीभर पाणी झटकन ओता. तुमची जाळी साफ असूनही ते तुंबून राहिलं तर दोष बहुधा पाइपाचा.

वरूनच ओघळतंय असं धरून मसुदा देतो :

"स. न. वि. वि.
३, ७ आणि ११ तारखेला सकाळी आठच्या सुमारास आपल्या गॅलरीतून साबणाचं पाणी खालच्या सामाईक गॅलरीत आलं. फोटो सोबत जोडले आहेत. मशीनची नळी सुटली आहे का किंवा जाळी तुंबली आहे का, हे कृपया प्लंबरकडून पाहून घ्यावं. २५ तारखेपर्यंत काम व्हावं, ही विनंती. खालून पाहायचं असल्यास आम्ही घरी थांबू. तोवर मशीन लावण्याआधी कळवलंत तर गॅलरीतलं सामान हलवता येईल.
आपला,"

यात 'तुमच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द मुद्दाम नाहीत. ते सिद्ध करायची जबाबदारी अंगावर येते, आणि समोरचा जाळी साफ करायचं सोडून उत्तर लिहीत बसतो. तारखा मात्र हव्यातच. 'नेहमी पाणी येतं' याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. भरपाईचा आकडा आत्ताच घालू नका. भिंतीला ओल धरली असेल तर फोटो काढून ठेवा, मागणी पुढच्या पत्रात करता येईल. "खर्च आम्ही अर्धा देऊ" असंही भलेपणानं लिहून टाकू नका, तेच वाक्य नंतर तुमच्यापुढे धरलं जातं.

पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर 'मिळाली' अशी सही आणि तारीख घ्या. सही द्यायला ते कां-कूं करत असतील तर पोच मिळेल अशा टपालानं पाठवा. वर भाडेकरू राहत असतील तर एक प्रत घरमालकालाही द्या, कारण पाइपाची दुरुस्ती बहुधा त्यालाच करावी लागते.

आणि वैतागून त्यांच्या पाण्याच्या वाटेला बोळा घालू नका. पाणी उलटं त्यांच्या घरात शिरलं, तर नुकसानीचा दावा तुमच्यावर येईल.