नव्या तांदळाला पाणी किती?

नागपूरला आल्यापासून भात गिचका होतोय. एका वाटीला दोन वाट्या पाणी घालते, तरी मोकळा का होत नाही?

तांदूळ नवा असणार. दिवाळीनंतर इथे भंडारा-गोंदियाकडचा नवा माल येतो. त्याचा दाणा लवकर फुटतो, आतला स्टार्च पाण्यात उतरतो आणि भात चिकटतो. वर्षभर जुना तांदूळ जास्त पाणी पितो, त्याला तुमच्या दोन वाट्या ठीक. नव्याला पातेल्यात पावणेदोन पुरे. कुकरमध्ये वाफ कमी उडते, म्हणून दीड. अर्धा तास भिजवला असेल तर पाव वाटी आणखी कमी.

आमच्याकडे नवं पोतं उघडलं की आधी एकच वाटी शिजवतात. शीत बोटांत दाबायचं: मधे पांढरा कण लागला तर पुढच्या वेळी दोन चमचे पाणी वाढवायचं. आणि गरम भात ढवळू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा.