आधी सांग, किती जणांना विचारलं?

प्रिय,

तुझ्या ग्रंथालय-पाहणीच्या अहवालाचा मसुदा दोनदा वाचला. काम मेहनतीचं आहे, पण मांडणी उलटी झाली आहे. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत येतं: ‘६२ टक्के सभासदांना ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं हवं.’ किती जणांना विचारलं हे मात्र सातव्या पानावर कळतं आणि मर्यादा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. तिथवर कोण पोचणार? ६२ हा आकडा तोवर चार ठिकाणी सांगून झालेला असेल.

मी तो आकडा उलगडून पाहिला. सभासद १,८००. सगळ्यांना ईमेलने प्रश्नावली गेली आणि २१६ जणांनी ती भरली, म्हणजे १२ टक्क्यांनी. वेळेच्या प्रश्नाला त्यातल्याही १८१ जणांनीच उत्तर दिलं आणि ‘हो’ म्हणणारे ११२ निघाले. ११२ भागिले १८१, म्हणून ६२ टक्के. हेच ११२ तू २१६ने भागलेस तर ५२ टक्के येतात. दोन्ही गणितं बरोबरच आहेत. पण ‘सभासदांपैकी ६२ टक्के’ हे मात्र दोन्हींतून निघत नाही, कारण १,५८४ सभासद काहीच बोललेले नाहीत. म्हणून प्रत्येक टक्केवारीशेजारी ती कितीपैकी आहे ते लिही. ‘उत्तर देणाऱ्या १८१पैकी ११२ (६२ टक्के)’ एवढं पुरे.

तर सुरुवात अशी कर: कोणाला विचारलं, कसं, कधी, किती जणांनी उत्तर दिलं. चार वाक्यांचा परिच्छेद, जास्त नको. पद्धतीचं सविस्तर वर्णन आणि प्रश्नावली परिशिष्टात जाऊ दे. फक्त ज्या प्रश्नावर मुख्य निष्कर्ष उभा आहे तो प्रश्न शब्दशः तिथेच दे. तुझा प्रश्न होता, ‘ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं असावं असं वाटतं का?’ फुकट मिळणाऱ्या सोयीला नाही कोण म्हणेल? त्याऐवजी ‘आठनंतर उघडं राहिलं तर महिन्यातून किती वेळा याल?’ असं विचारलं असतंस तर चित्र बहुधा वेगळं दिसलं असतं. हे वाचकालाही कळू दे.

आता मर्यादांबद्दल, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. तू लिहिलं आहेस, ‘नमुना लहान असल्याने निष्कर्ष सावधपणे घ्यावेत.’ हे वाक्य कुठल्याही अहवालात चालेल, म्हणून ते निरुपयोगी आहे. शिवाय नमुन्याचा आकार ही इथली मुख्य अडचणच नाही. १८१ जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर खरा आकडा बहुधा सुमारे सात टक्के इकडे-तिकडे असेल एवढंच धरावं लागलं असतं. पण हे १८१ आपणहून पुढे आलेले आहेत आणि त्यांना ते सात टक्क्यांचं गणित लागूच होत नाही. १९३६च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं आणि रूझवेल्ट प्रचंड फरकाने जिंकले. नावं बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतली होती, आणि त्यातही सगळ्यांनी उत्तरं पाठवली नव्हती. चुकीच्या माणसांची गर्दी वाढवून आकडा सुधारत नाही.

मग मर्यादा कशी लिहायची? आकडा कोणत्या बाजूला झुकला असेल ते सांगून. तुझ्या तक्त्यातच ते दडलं आहे: उत्तर देणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांनी गेल्या महिन्यात पुस्तक नेलं, आणि ग्रंथालयाच्या नोंदीप्रमाणे सगळ्या सभासदांत हे प्रमाण ३० टक्के आहे. म्हणजे नेहमी येणारेच जास्त बोलले, आणि जास्त वेळ हवा असं त्यांनाच जास्त वाटणार. तेव्हा ‘६२ टक्के हा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा जास्त आहे’ असं लिही, आणि ते ६२च्या लगेच पुढच्या वाक्यात लिही, शेवटच्या पानावर नको.

पंचविशीच्या आतल्यांचा ७८ टक्क्यांचा वेगळा आलेख काढून टाक. ते १८पैकी १४ जण आहेत, दोघांनी मत बदललं तरी आकडा ६७वर येतो. ठेवायचाच असेल तर टक्के न देता ‘१८पैकी १४’ असं वाक्यात सांग. बाकीचे निष्कर्ष, बसायच्या जागेबद्दलचा, नव्या पुस्तकांबद्दलचा, आहेत त्या क्रमाने राहू देत.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. वेळेचा प्रश्न ३५ जणांनी का सोडला? तो दुसऱ्या पानावर होता का, की ‘सांगता येत नाही’ हा पर्यायच नव्हता? मूळ फॉर्म उघडून पाहा आणि पुढचा मसुदा पाठवताना ते कळव.

तुझा,
जुना सहकारी